हौशी चित्रकाराने कलेचा इतिहास कसा वाचावा : बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी यादी

कलेचा इतिहास वाचायचाय म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, पहिल्यापासून वाचा, गुहाचित्रं, मग इजिप्त, मग ग्रीस. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः शेवटपर्यंत वाचलंय का हे एकदा विचारून बघा. रविवारी दोन तास कॅनव्हाससमोर बसणाऱ्या माणसाला हा क्रम झेपत नाही, कारण त्याच्या डोक्यातला प्रश्न वेगळाच असतो, माझ्या चित्रातली साडी पुठ्ठ्यासारखी का दिसते हा. म्हणून बडोद्यात असाल तर जे चित्र समोर उभं राहून बघता येतं तिथून सुरू करा आणि तिथून मागे जा.

पहिलं काम पुस्तकाचं नाहीच. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं फत्तेसिंह म्युझियम गाठा आणि राजा रविवर्माच्या एकाच चित्रासमोर वीस मिनिटं थांबा. लांबून जरीचे काठ सोन्याचे वाटतात, जवळ गेलात की सोनं गायब, तिथे फक्त पिवळी माती, तपकिरी आणि वर फिकट पिवळ्याचे चार-दोन जाड ठिपके. हे डोक्यात ठेवून घरी या.

आता पुस्तक. गॉम्ब्रिखचं 'द स्टोरी ऑफ आर्ट', १९५० चं, इंग्रजी सोपं आहे, जड शब्द मुद्दाम टाळलेत. घेताना मोठ्या आकाराची आवृत्ती घ्या. खिशात मावणाऱ्या आवृत्तीत सगळी चित्रं मागे एकत्र टाकलीयत, दोन फिती दिल्यात पण सतत पुढे-मागे करून माणूस वैतागतो आणि मग चित्र न बघताच वाचत सुटतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, त्यामुळे या टप्प्यावर जरा जास्त बोलते.

हे पुस्तक कादंबरीसारखं वाचता येतं हीच त्याची खोड आहे. भाषा इतकी गोड की तीस पानं कधी झाली कळत नाही, आणि पुस्तक मिटल्यावर एकही चित्र डोळ्यासमोर येत नाही. मीही बरेच दिवस इथेच अडकले होते. नावं पाठ, सनावळ्या पाठ, आणि ब्रश हातात घेतला की काहीही फरक नाही. शेवटी मी एक नियम केला आणि तो अजून मोडत नाही. आधी चित्र, मग पेन्सिल, मग मजकूर. चित्राचं पान उघडायचं, वहीत काडेपेटीएवढा चौकोन आखायचा आणि त्यात ते चित्र फक्त तीन छटांत उतरवायचं, कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. नाक-डोळे काढायचे नाहीत. पाच मिनिटांत झालं पाहिजे, त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही नक्कल करताय, आणि ती इथे नकोय. मगच त्या चित्राबद्दलचा परिच्छेद वाचायचा.

सुरुवात बाराव्या प्रकरणापासून करा, बाकी नंतर. त्यात यान व्हॅन आयकचं १४३४ चं अर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र आहे. चौकोन काढायला घेतलात की कळतं, डावीकडे खिडकी, उजेड तिथूनच, पुरुष जवळजवळ अख्खा गडद, बाईच्या डोक्यावरचं कापड सगळ्यात पांढरं, आणि दोघांचे हात बरोबर मध्ये, उजेडात. आता मजकूर वाचा. गॉम्ब्रिख सांगतो की तोपर्यंतचे चित्रकार रंग अंड्यात कालवायचे, तो पटकन वाळायचा, व्हॅन आयकने तेल वापरलं त्यामुळे सावकाश काम करता आलं आणि पारदर्शक थर एकावर एक चढवता आले. तुम्ही अॅक्रिलिक वापरत असाल तर त्या आधीच्या चित्रकारांची अडचण तुम्हाला वेगळी समजवायला नको, गाल रंगवता रंगवता रंग वाळतो आणि कडा दिसत राहते, तीच ती.

मग चित्रातलं वरचं पितळी झुंबर बघा, तिथेही धातूची चमक नुसत्या रंगाने आणलीय. पुढच्याच वर्षी, १४३५ मध्ये, इटलीत आल्बेर्ती नावाचा विद्वान चित्रकलेवरच्या ग्रंथात लिहितो की सोन्याचा वर्ख लावण्यापेक्षा साध्या रंगांनी सोनं दाखवणाऱ्याचं कौतुक जास्त. म्हणजे फत्तेसिंह म्युझियममधल्या त्या जरीकाठाचं मूळ तुम्हाला सापडलं, आणि इजिप्तमधून जावं लागलं नाही. जमलंय की नाही हे तपासायची माझी पद्धत अशी, पुस्तक मिटून उजेड कुठून येत होता ते सांगायचं. नाही आलं तर ते प्रकरण वाचलेलं धरायचं नाही.

बारावं झालं की पंधरावं, विसावं आणि पंचविसावं. तेवढ्यावर काही महिने निघतात. एक लक्षात ठेवा, या पुस्तकात भारत नावापुरता आहे आणि बायका चित्रकार जवळपास नाहीतच, म्हणून हाच सगळा इतिहास असं धरून बसू नका.

युरोपातलं हे तैलरंगाचं काम रविवर्मापर्यंत कसं पोचलं, तो मधला दुवा कला-इतिहासकार पार्थ मित्तरांकडे मिळतो. त्यांचं १९९४ चं 'आर्ट अँड नॅशनॅलिझम इन कलोनियल इंडिया' जाडजूड आहे, अख्खं वाचायला जाऊ नका, फक्त रविवर्मावरचं प्रकरण वाचा. त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता, त्याने शिकवलं नाही, नुसतं बघू दिलं, आणि रविवर्मा बघूनच तैलरंग शिकला. पुढे सयाजीरावांनी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. रणजित देसाईंची कादंबरी बऱ्याच मराठी घरांत असते, खुशाल वाचा, पण ती कादंबरी आहे, तिच्यातले प्रसंग पुरावा म्हणून सांगू नका.

यानंतर कीर्ती मंदिर. गंगावतरणाचं रविवर्माचं चित्र छापील रूपात तुम्ही कुठेतरी नक्की बघितलं असेल, शंकर पाय रोवून वर बघत उभा आहे ते. तोच विषय नंदलाल बोसांनी कीर्ती मंदिराच्या भिंतीवर घेतलाय. दोन्हींचे काडेपेटीएवढे चौकोन शेजारी शेजारी काढा. रविवर्माचा तीन छटांत सहज बसतो, कारण त्याचा शंकर उजेड-सावलीने उभा केलाय. नंदलालांचा बसता बसत नाही, तिथे आकृती रेषेने धरलेली आहे, पेन्सिलने करडा भरायला लागलात की चित्रच हरवतं. असं झालं तर तुमचं काही चुकलेलं नाही. अवनींद्रनाथ टागोरांच्या या शिष्याला युरोपियन पद्धतीची उजेड-सावली नकोच होती, का नको होती ते मित्तरांच्या त्याच पुस्तकात पुढे बंगालच्या चित्रकारांवर आहे, आणि आता ते वाचायला जड जात नाही. जाता जाता तांबेकर वाडाही बघून घ्या, तिथली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं बघितली की रेषेचं काम आपल्या गावात आधीपासून होतं हे दिसतं.

बाकीचं थोडक्यात. के. जी. सुब्रमण्यन यांचं 'मूव्हिंग फोकस', निबंध आहेत, महिन्याला एक. मराठीत प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास', हा इतिहास नाही पण चित्रकार कसा विचार करतो ते कळतं. बहुळकर आणि घारे यांनी संपादित केलेला चरित्रकोशाचा दृश्यकला खंड हाताशी ठेवा, नाव अडलं की उघडायचा. आपल्या फाइन आर्ट्सच्या लोकांबद्दल हवं असेल तर गुलाममोहम्मद शेख यांनी संपादित केलेलं 'कंटेम्पररी आर्ट इन बरोडा'. कलासमीक्षक गीता कपूर मात्र आत्ता नकोत. मोठं काम आहे, पण त्या वाचकाने बरंच आधी वाचलेलं आहे असं धरून लिहितात आणि चौथ्या पानावर आपण शब्दकोश शोधायला लागतो.

रूपिका चावलांचं रविवर्मावरचं पुस्तक चित्रांसाठी फार चांगलं आहे पण महाग आणि वजनदार, तेव्हा ते विकत घ्यायच्या आधी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा, आणि वही-पेन्सिल बरोबर न्या.