इसबगोल आणि थायरॉईडची गोळी एकत्र घेताय? या चुका टाळा

आमच्या आत्याची ५० मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षं व्यवस्थित चालू होती, टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, ३ च्या आसपास असायचा. यंदा रिपोर्ट आला तर ८. गोळी तर रोज घेतेय म्हणाली, मग झालं काय? डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी एकच विचारलं, गोळीसोबत आणखी काय काय घेता? तेव्हा कळलं की पोट साफ होत नाही म्हणून ती दोन महिने सकाळी सहाला त्याच कोमट पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळून गोळीसोबतच पीत होती.

इथेच पहिली चूक होते. इसबगोल पाण्यात फुगून चिकट जेलसारखं होतं ना, तेच पोटात पण होतं आणि गोळीतलं औषध त्यात अडकलं की आतड्यातून रक्तात कमी जातं. थायरॉईडच्या गोळीत औषधच इतकं थोडं असतं की त्यातलं थोडं वाया गेलं तरी जाणवू शकतं. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, पण रिपोर्ट अचानक बिघडला तर हे आधी तपासा.

आणि यात एक चक्र आहे बघा. थायरॉईड कमी पडलं की बद्धकोष्ठता वाढते, मग माणूस इसबगोल वाढवतो, मग गोळी अजून कमी लागू पडते. आत्याचं अगदी हेच चाललं होतं, दोनाचे तीन चमचे झाले होते.

मग बदललं काय? गोळी सकाळी सहाला साध्या पाण्यासोबत, त्यानंतर तासभर चहा-नाश्ता नाही. इसबगोल संध्याकाळी पाचला, मोठा ग्लासभर पाण्यात, आणि सुकी फक्की अजिबात मारायची नाही, घशात फुगून अडकते. वेळ बदलताना आधी तिने ते रात्री जेवणानंतर ठेवलं होतं, पण तिच्या बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पण तेव्हाच, म्हणजे तीच चूक फक्त वेळ बदलून. इसबगोल आणि इतर गोळ्यांत किमान दोन तास ठेवा, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास ठेवले तर उत्तमच. लिथियम, डिगॉक्सिन किंवा फिटची गोळी चालू असेल तर इसबगोल सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक म्हणजे इसबगोलचं न सांगता डोस वाढवून घेणं. समजा ५० चा ७५ झाला आणि नंतर तुम्ही इसबगोल बंद केलं किंवा वेळ बदलली, तर आता पूर्ण ७५ लागू होतात आणि छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होऊ शकतं.

वेळ बदलली की लगेच आठ दिवसांत टेस्ट करू नका, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आत्याचा आठ आठवड्यांनी ३.४ आला, गोळी तीच ५० ची, आणि इसबगोल आता एकच चमचा पुरतं.