पाठ्यपुस्तकातले मुलगे-मुली मोजताय? आधी या चुका टाळा

पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत आणि पाठांत मुली किती, मुलगे किती आणि कोण काय करताना दिसतं, हा प्रकल्प समाजशास्त्राचे विद्यार्थी आनंदाने निवडतात. मोजायचंच तर आहे, असं त्यांना वाटतं. मग पुस्तक हातात पडल्या पडल्या पहिल्या पानापासून रेघा ओढायला सुरुवात होते आणि संध्याकाळपर्यंत तक्ता तयार! असे तक्ते मी वर्षानुवर्षं तपासते आहे. बेरजा सहसा बरोबर असतात. चूक बेरजेच्या आधी झालेली असते, आणि बहुतेक वेळा ती एकच असते.

ती चूक अशी : आकृती मुलाची की मुलीची, हे ती काय करते आहे त्यावरून ठरवणं.

एका गटाने मोठ्या विश्वासाने निष्कर्ष मांडला होता की मैदानी खेळ आणि धाडसाच्या चित्रांत मुली जवळपास नाहीतच. मी पुस्तक मागून घेतलं. एका पानावर झाडाच्या फांदीवर बसलेलं मूल होतं. पाठमोरं, आखूड केस, ढगळ सदरा, गुडघ्यापर्यंतची विजार. तक्त्यात नोंद होती ‘मुलगा’. कशावरून, असं विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, झाडावर चढलाय ना!” मी पान उलटायला सांगितलं. पाठात सरळ लिहिलं होतं की ती सरसर वर चढली आणि फांदीवर जाऊन बसली. मग आम्ही खेळाच्या सगळ्या नोंदी एकेक करून पुन्हा पाहिल्या. ज्यांना त्यांनी ‘मुलगा’ म्हटलं होतं, त्यांतल्या बऱ्याच आकृत्यांच्या बाबतीत खेळ सोडला तर दुसरी कुठलीच खूण चित्रात नव्हती.

यात नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या. आपला प्रश्नच असा आहे की पुस्तक खेळाची जागा कोणाला देतं. खेळतो तो मुलगा, असं धरून मोजलं तर उत्तर पुस्तकाने दिलेलं नसतं, मोजणाऱ्याने आधीच भरलेलं असतं. झाडू हातात असलेली आकृती डोळे झाकून ‘मुलगी’त टाकली की तेच दुसऱ्या बाजूने होतं. रेखाटनं लहान असतील, मागच्या रांगेतले चेहरे दोन ठिपक्यांचे असतील, तेव्हा हा मोह फार होतो. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे : तक्त्यात ‘अस्पष्ट’ हा रकानाच नसतो, किंवा असला तरी त्यात शून्य असतं. शंभरावर आकृत्या आणि एकही अस्पष्ट नाही, असा तक्ता आला की मी पुढचं वाचतच नाही, परत पाठवते.

यावर माझी ठरलेली पद्धत म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत फक्त मुलगा, मुलगी की अस्पष्ट एवढंच लिहायचं. त्यासाठी आधी पाठातलं नाव, सर्वनाम आणि क्रियापद पाहायचं. ते नसेल तर चित्राखालची ओळ. तीही नसेल तर पोशाख, केशरचना, दागिना यांपैकी किमान दोन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तरच निर्णय घ्यायचा. नुसते आखूड केस पुरेसे नाहीत. कृती, जागा आणि अंगकाठी या फेरीत विचारातच घ्यायची नाही. जाड कागदाला लहान खिडकी कापून ती आकृतीच्या डोक्या-खांद्यांवर ठेवायला मी सांगते, म्हणजे हातातली बॅट किंवा परडी डोळ्यांसमोर येत नाही. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी. तेव्हा पहिला रकाना मागे दुमडायचा आणि फक्त कृती लिहायची. चित्र समोर असल्यामुळे मन पूर्ण कोरं होत नाही हे खरं, पण एका नोंदीकडे बघून दुसरी नोंद जुळवून घेणं तरी थांबतं. यात वेळ दुप्पट जातो. ज्यांना तो द्यायचा नाही, त्यांनी दुसरा विषय घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अस्पष्ट’चा आकडा अहवालातून गाळायचाही नाही. एक उदाहरण घ्या. समजा पुस्तकात १४० बाल-आकृत्या आहेत : ८० मुलगे, ४० मुली, २० अस्पष्ट. सगळ्या अस्पष्ट आकृत्या मुलींच्या धरल्या तरी ८० विरुद्ध ६०, म्हणजे मुलगे जास्त हा निष्कर्ष टिकतो. आता फक्त मैदानी खेळ पाहू : २४ मुलगे, ६ मुली, १४ अस्पष्ट. अस्पष्ट सोडून दिल्या तर खेळणारे मुलगे मुलींच्या चौपट. त्या सगळ्या मुली निघाल्या तर २४ विरुद्ध २०. म्हणजे एकूण संख्येबद्दल ठामपणे बोलता येतं, खेळाबद्दल तितक्या ठामपणे नाही. अहवालात ही दोन्ही टोकं लिहा.

पाठ मोजताना मराठीची क्रियापदं मोठी मदत करतात. ‘मी निघाले’ एवढ्यावरून निवेदक मुलगी आहे हे कळतं, नाव नसलं तरी. पण ‘मुले खेळत होती’ हे वाक्य मुलग्यांत धरू नका. ते मिश्र किंवा अस्पष्ट. दरवर्षी कोणीतरी ते मुलग्यांच्या खात्यात घालतंच.

दुसरी चूक वर्गांच्या नावांची. ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ हे दोन रकाने नवशिक्यांना फार आवडतात, कारण शब्द अभ्यासपूर्ण वाटतात. पण खिडकीत बसून पुस्तक वाचणारी मुलगी सक्रिय की निष्क्रिय? आईचं बोलणं ऐकणारा मुलगा? एकाच गटातले दोघं वेगवेगळं लिहितात आणि मग म्हणतात, “आमचं ८० टक्के जुळलं.”

हे ८० टक्के किती फसवं असतं ते पाहा. दोघांनी त्याच ५० आकृत्या स्वतंत्रपणे तपासल्या. ३५ ला दोघांनीही सक्रिय म्हटलं, ५ ला दोघांनीही निष्क्रिय. उरलेल्या १० वर मतभेद, पाच एका बाजूने, पाच दुसऱ्या. म्हणजे जुळणी ५० पैकी ४०, अर्थात ०.८०. पण दोघांनीही ४० आकृत्यांना सक्रिय म्हटलंय. इतक्या सढळपणे एकच शिक्का मारला तर चित्र न बघताही बरंच जुळेल : ०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा हा गुणांक हे योगायोगाचं जुळणं वजा करतो. ०.८० मधून ०.६८ वजा केले, ०.१२ उरले. त्यांना १ वजा ०.६८, म्हणजे ०.३२ ने भागलं की ०.३७५ येतं. अशा जुळणीवर निष्कर्ष उभा करता येत नाही. गणित चार ओळींचं आहे, तरी ते टाळण्यासाठी लोक पुस्तकाचे तुकडे वाटून घेतात : पहिले दहा पाठ तुझे, पुढचे माझे. अशा वाटणीत कोणाचं कोणाशी जुळतं हे कधीच कळत नाही. किमान काही पाठ तरी दोघांनीही, एकमेकांशी न बोलता, तपासलेच पाहिजेत.

कप्पा कमी आला तर दोष माणसांवर टाकण्याआधी वर्ग बदलून पाहा. मी मूल्यमापनाचे शब्द काढून टाकते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कृती ठेवते : खेळ, वाचन-लेखन, घरकाम, कमाईचं काम, दुसऱ्याला मदत, नुसतं उभं राहणं किंवा बघणं. एका आकृतीला एकच वर्ग. दोन लागू पडत असतील तर हात काय करताहेत ते पाहायचं. वादाची प्रत्येक आकृती पान क्रमांकासह नियमपत्रकात टिपायची, म्हणजे पुढच्या पाठात तोच वाद पुन्हा होत नाही.

तिसरी चूक टक्केवारीची. वरच्याच पुस्तकात वाचन-लेखन करणारे ३० मुलगे आणि २० मुली असतील, तर विद्यार्थी लिहितात, “वाचणाऱ्यांत ६० टक्के मुलगे, म्हणजे पुस्तक अभ्यास मुलग्यांकडे देतं.” पण मुलगे मुळात ८० आहेत. त्यांतले ३० म्हणजे ३७.५ टक्के. ४० मुलींपैकी २० म्हणजे ५० टक्के. पुस्तकात मुली कमी दिसतात, पण दिसतात तेव्हा मुलग्यांपेक्षा जास्त वेळा वाचताना दिसतात. एकाच आकड्यांवरून दोन उलट वाक्यं निघतात आणि दोन्ही खरी आहेत. टक्केवारी कशाची, हे प्रत्येक वाक्यात लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मोजणीचं एकक आधी ठरवा : चित्र की आकृती. प्रार्थनेच्या एकाच चित्रातल्या मुलींच्या रांगा सगळ्या पुस्तकाची तूट भरून काढतात. म्हणून मी दोन्ही मोजायला लावते आणि दहापेक्षा जास्त आकृत्यांचं चित्र ‘गर्दी’ म्हणून वेगळं ठेवते.

मोठी माणसं आणि मुलं एका रकान्यात घालू नका. आई-वडिलांचा तक्ता वेगळा.

कपडे घातलेले, बोलणारे प्राणीही वेगळे मोजा, पण सोडून देऊ नका. लेनोर वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या पुरस्कारप्राप्त चित्रपुस्तकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणसांच्या चित्रांत पुरुष २६१ आणि स्त्रिया २३ होत्या, म्हणजे सुमारे ११ ला १. प्राण्यांत हेच प्रमाण ९५ ला १ होतं. प्राणी वगळले असते तर ही दरी दिसलीच नसती.

एकच पात्र पाच चित्रांत आलं तर आकृत्या पाच, पात्र एक. दोन्ही आकडे द्या.

मलपृष्ठ, स्वाध्याय आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं घ्यायची की नाही, हे मोजण्याआधी ठरवा. निकाल बघून ठरवू नका.

आणि शेवटी, “यामुळे मुलींचा आत्मविश्वास कमी होतो,” हे वाक्य या प्रकल्पातून निघत नाही. तुम्ही पुस्तक मोजलंय, वाचणारी मुलगी नाही. तिच्याबद्दल लिहायचं असेल तर मुलाखती घ्या, वर्गात बसा, आणि तो भाग अहवालात वेगळ्या प्रकरणात ठेवा.