नागपुरात नवीन आलात? ओळखपत्र ‘रिजेक्ट’ झालं, तर आधी रकाना बघा

वणी, ब्रह्मपुरी, गोंदिया, वाशीम, कुठूनही नागपुरात आलात तरी पहिल्या महिन्यात एक काम चुकत नाही: ओळखपत्रं अपलोड करणं. मिहानमधल्या किंवा बुटीबोरीच्या कंपनीत रुजू होताना, बँकेत खातं उघडताना, वसतिगृहाचा अर्ज भरताना, सगळीकडे आधार, पॅन आणि लायसन मागतात. ही कागदपत्रं आता आधी संगणक तपासतो आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक रकान्याचा निकाल वेगळा देतो. नाव जुळलं का, जन्मतारीख जुळली का, मुदत आहे का, अक्षर वाचता आलं का, हे सगळं त्यात असतं. बरेचजण वरची लाल ओळ पाहतात, घाबरतात आणि तोच फोटो पुन्हा चढवतात. काही ठिकाणी ठरावीक प्रयत्नांनंतर अर्ज अडकतो आणि मग तो सोडवायला माणूस शोधत बसावं लागतं. बाहेरगावाहून येऊन इथे स्थिरावलेल्या आमच्यासारख्यांकडे नवे लोक हीच अडचण घेऊन येतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक फरक लक्षात घ्या. ‘वाचता आलं नाही’ आणि ‘जुळलं नाही’ हे दोन वेगळे निकाल आहेत. पहिला दोष फोटोचा असतो आणि नवा फोटो काढला की पाच मिनिटांत सुटतो. दुसरा दोष कागदाचा किंवा तुम्ही भरलेल्या माहितीचा असतो, तिथे फोटो कितीही सुंदर काढला तरी उपयोग नाही. प्रत्येक रकान्यासमोर साधारण तीन गोष्टी दिसतात: संगणकाने काय वाचलं, ते कशाशी ताडून पाहिलं आणि निर्णय काय दिला. निर्णयाआधी ‘काय वाचलं’ ते बघा आणि कार्ड हातात धरून अक्षर न् अक्षर ताडा.

आता एक उदाहरण घेऊ. नाव काल्पनिक आहे, पण अशी प्रकरणं नेहमीची. वणीची स्वाती रमेश ठाकरे लग्नानंतर नागपुरात आली आणि स्वाती नीलेश वानखेडे झाली. आधारवर तिने नवं नाव करून घेतलं, पॅन आणि लायसन जुन्याच नावाचं राहिलं. अर्जात तिने नवं नाव भरलं. निकाल असा आला:

```
आधार    नाव          जुळले
आधार    जन्मतारीख    अंशतः जुळले
पॅन      नाव          जुळले नाही
लायसन   नाव          जुळले नाही
लायसन   मुदत         संपली
लायसन   वाचनीयता     कमी
```

सहापैकी पाच ओळी बिघडलेल्या दिसतात, पण मूळ कारणं तीनच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

आधारच्या जन्मतारखेपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक आधार कार्डांवर पूर्ण तारीख नसून फक्त जन्माचं वर्ष छापलेलं आहे. संगणकाला वर्ष जुळलेलं दिसतं, दिवस आणि महिना सापडत नाही, म्हणून तो ‘अंशतः’ म्हणतो. यात चूक कोणाचीच नाही. पॅनवर पूर्ण तारीख असते, त्यामुळे ती तिथे जुळली की बहुतेक ठिकाणी तपासणारा माणूस हा रकाना पुढे सोडतो. कायमचा इलाज म्हणजे आधार केंद्रावर जन्मतारखेचा पुरावा देऊन पूर्ण तारीख टाकून घेणं. मात्र आधारवर जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, म्हणून पावतीवर सही करण्याआधी तिथला आकडा स्वतः वाचा.

लायसनच्या दोन ओळी एकत्र बघायच्या. ‘मुदत संपली’ वाचून स्वातीने थेट आरटीओ गाठायचं ठरवलं असतं, तर फेरी वाया गेली असती. संगणकाने वाचलेली तारीख तिने कार्डाशी ताडली, तेव्हा ती कार्ड दिल्याची तारीख निघाली. लायसनवर तारखा बऱ्याच असतात: जन्माची, कार्ड दिल्याची, मुदतीची. मुदतीच्या तारखेवर ट्यूबलाइटची चमक पडली होती, म्हणून संगणकाने जी स्पष्ट दिसली ती तारीख उचलली. म्हणजे दोष मुदतीचा नव्हता, वाचनाचा होता. खालच्या ‘वाचनीयता कमी’ या ओळीने तेच सांगितलं होतं. एकाच कार्डावर या दोन ओळी सोबत आल्या, तर आधी फोटो सुधारा, मुदतीची काळजी नंतर.

तुमचं लायसन टॅक्सी किंवा मालवाहू गाडीचंही असेल, तर त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एक `NT`, म्हणजे खासगी गाडीसाठी, आणि दुसरी `TR`, म्हणजे व्यावसायिक गाडीसाठी. `TR` ची मुदत आधी संपू शकते. नोकरी ऑफिसातली असेल आणि लायसन फक्त ओळखीसाठी दिलं असेल, तर `NT` ची तारीख बघा, असं फेरतपासणीच्या विनंतीत लिहा. नोकरीच गाडी चालवायची असेल, तर मात्र निकाल बरोबर आहे आणि नूतनीकरणाशिवाय पर्याय नाही. पॅन, आधार आणि मतदार ओळखपत्राला मुदतीची तारीखच नसते. अर्जातला मुदतीचा रकाना तिथे रिकामा सोडा. सोडता येत नसेल, तर मनाने तारीख न टाकता मदतकक्षाला विचारा, कारण खोटी तारीख पुढे ‘जुळलं नाही’ म्हणून परत येते.

फोटो कसा काढायचा ते सांगतो. कार्ड गडद, एकरंगी कपड्यावर ठेवा. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको. आपल्याकडच्या उन्हात लॅमिनेशनला फुगे येतात आणि ते वाकतं, त्यावर प्रकाश पडला की एखादा आकडा हमखास पांढरा होतो. फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल कार्डाच्या बरोबर वर धरा आणि चारही कोपरे फोटोत येऊ द्या. कोपरा कापला गेला की काही ठिकाणी अख्खं कार्डच नाकारतात. स्कॅन करणार असाल, तर झेरॉक्सवाल्याला ३०० डीपीआय आणि रंगीत असं स्पष्ट सांगा. कार्डाच्या आकाराला ते साधारण १०१० गुणिले ६४० पिक्सेल होतं आणि तेवढं पुरतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते, बारीक अक्षर फुटतं. पाठवायचीच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

अस्पष्ट अक्षराचा दोष कधी कधी दुसऱ्याच नावाने येतो. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने ठरलेला असतो. त्यामुळे संगणकाने ३ चा ८ वाचला की हिशोब चुकतो आणि तो ‘क्रमांक अवैध’ म्हणतो. तुमचं आधार खोटं ठरलं असं नाही, एक आकडा चुकीचा वाचला गेला एवढंच. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर असा पक्का क्रम आहे. तिसऱ्या जागी शून्य दिसत असेल, तर ते `O` हे अक्षरच आहे. टाइप करताना हीच चूक सर्वात जास्त होते.

आता नावाचा रकाना, जिथे आपण मराठी माणसं सर्वात जास्त अडकतो. स्वातीच्या पॅनवर `SWATI RAMESH THAKRE` आहे, लायसनवर `SWATI RAMESH THAKARE`. देवनागरीत दोन्ही ठाकरेच. इंग्रजीत मात्र एक `A` जास्त आहे आणि संगणक इंग्रजी ओळच ताडतो. वानखेडेचं `W` की `V`, डोंगरेचं `DONGRE` की `DONGARE`, वडिलांच्या नावापुढे आपल्या विदर्भात लागणारं ‘राव’ एका कागदावर असणं आणि दुसऱ्यावर नसणं, हे सगळे ‘अंशतः’चे निकाल आणतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पॅनवर सहसा शेवटी. चांगली प्रणाली शब्दांचा क्रम बदलून ताडते, साधी प्रणाली ताडत नाही. म्हणून अर्जात नाव आधारच्या इंग्रजी ओळीत जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा.

स्वातीच्या बाबतीत स्पेलिंगच्या पलीकडचा प्रश्न आहे: मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. इथे जोडणारा कागद लागतो, आणि तो म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर वधूचं माहेरचं नाव आणि वराचं नाव असतं. तपासणारा माणूस माहेरचं नाव पॅनशी आणि नवऱ्याचं नाव आधारशी जोडून बघतो. प्रमाणपत्रावर `THAKARE` आणि पॅनवर `THAKRE` असेल, तर साखळी तिथेच तुटते, तेव्हा अपलोड करण्याआधी हे एक अक्षर तपासा. प्रमाणपत्र ‘पूरक कागदपत्र’ या जागी चढवा आणि फेरतपासणी मागा. ते पॅनच्या जागी चढवलं, तर नवाच दोष उभा राहतो.

हा झाला आजचा मार्ग. पुढच्या दर वेळी हे नको असेल, तर पॅन दुरुस्त करून घ्या, पण क्रम पाळा. आधी आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग कायमचं ठरवा, मग पॅन. पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीने केली, तर नाव आधारप्रमाणेच लागतं, त्यामुळे आधारवरची चूक जशीच्या तशी पॅनवर येते. दुरुस्तीच्या कागदी अर्जात जो रकाना बदलायचा, त्याच्या डावीकडच्या चौकोनात खूण करायची असते. ती राहिली, तर बदल होत नाही.

पॅनचा क्रमांक मात्र बदलत नाही. त्यातलं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं, स्वातीचं `T` आहे आणि वानखेडे झाल्यावरही `T` च राहील. त्यावरून कोणी शंका घेतली, तर पॅन लग्नाआधीचं आहे हे सांगा. दुसरं पॅन काढू नका, दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

पत्त्याच्या रकान्यात नवे लोक विनाकारण घाबरतात. आधारवर वणीचा पत्ता आणि अर्जात प्रतापनगरचा असेल, तर ‘जुळलं नाही’ येणारच. अर्जात कायमचा आणि सध्याचा असे दोन रकाने असतील, तर आधारवरचा पत्ता ‘कायमचा’मध्ये लिहा आणि सध्याच्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार द्या.

घरमालकाला ओळखीसाठी आधार द्यायचं असेल, तर झाकलेलं, म्हणजे ‘मास्क्ड’ आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पण जिथे पूर्ण क्रमांकाचा रकाना आहे, तिथे हीच प्रत ‘वाचता आलं नाही’ म्हणून परत येईल. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं वर्ष, जसं `SWAT1996`. कुलूपबंद फाइल बऱ्याच प्रणालींना उघडता येत नाही. ती उघडून, प्रिंटमधून नवी पीडीएफ करून चढवली की हा अडथळा जातो, फक्त मूळ फाइलवरची डिजिटल सही अशा प्रतीत टिकत नाही. सही तपासणारं कार्यालय असेल, तर मूळ फाइलच द्या आणि पासवर्ड त्यांच्या रकान्यात लिहा. सीताबर्डीवरच्या दुकानातून हे काम केलंत, तर तिथून निघण्याआधी त्यांच्या संगणकावरची फाइल समोर उभं राहून पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनही.