संस्कृत शब्द कोशात सापडत नाही? या चुका टाळा

चि. ऋतुजा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार शब्द शोधलेस, त्यातले तीन कोशात नाहीत आणि चौथा सापडला पण अर्थ जुळत नाही, असं लिहिलंयस. ते चारही शब्द कोशात आहेत. फक्त वाक्यात दिसतात त्या रूपात नाहीत. कोशात नामाचं मूळ रूप असतं, म्हणजे प्रातिपदिक, आणि क्रियापदाचा धातू असतो. छापलेल्या रूपापासून तिथपर्यंत मागे जाताना बहुतेकांचं पाऊल ठरावीक ठिकाणीच घसरतं. म्हणून सगळं व्याकरण न सांगता एकच वाक्य घेते आणि त्यात कुठे कुठे चुकायला होतं ते दाखवते.

तेजसा दीप्यमानं मुनिं दृष्ट्वा राजोत्थायाब्रवीत्।

अर्थ आधीच सांगून ठेवते: तेजाने झळकणाऱ्या मुनीला पाहून राजा उठून बोलला.

पहिली चूक शेवटच्या शब्दापाशी होते. ‘राजोत्थायाब्रवीत्’ हा एक शब्द आहे असं समजून मुलं थेट कोशाकडे वळतात. तिथे ‘राजो’ने सुरू होणारं काही मिळत नाही, मग जवळचं ‘राज’ धरून बसतात. लांबलचक शब्द दिसला की कोश मिटलेलाच ठेव आणि आधी संधी सोड. मधला ‘ओ’ हा बऱ्याचदा अ किंवा आ आणि त्यापुढे उ किंवा ऊ यांतून झालेला असतो. म्हणजे इथे ‘राज + उत्थाय’ किंवा ‘राजा + उत्थाय’ अशा दोन शक्यता झाल्या. दोन्ही वहीत लिही. एक मनात आली की दुसरी शोधायचीच नाही, ही सवय फार नडते. आता तपास. ‘राज’ असा अकारान्त शब्द इथे कर्ता असता तर त्याचं रूप ‘राजः’ झालं असतं, आणि विसर्गापुढे उ आल्यावर विसर्ग जाऊन ‘राज उत्थाय’ असं सुटंच राहिलं असतं, ‘ओ’ झालाच नसता. म्हणून ‘राजा’ बरोबर. पुढचा लांब ‘या’ असाच सोडवायचा: ‘उत्थाय + अब्रवीत्’. कागदावर ‘उत्थाया’ही संभवतं, पण तसं कुठलं रूप बसत नाही.

तीन शब्द हाती आले: राजा, उत्थाय, अब्रवीत्. तरीही यातला एकही अजून कोशात बघायच्या तयारीचा नाही.

दुसरी चूक खास आपली, मराठी बोलणाऱ्यांची. आपल्याला शब्द ओळखीचा वाटतो आणि मराठीतलं रूप हेच मूळ रूप असं आपण धरून चालतो. तू ‘तेजसा’साठी ‘तेज’ पाहिलंस ना, तिथेच गडबड झाली. गंमत अशी की मोठ्या कोशात ‘तेज’ अशीही नोंद सापडू शकते, त्यामुळे चूक झाल्याचं लक्षातही येत नाही. अशा वेळी एकच करायचं: सापडलेल्या मूळ रूपापासून वाक्यातलं रूप परत तयार करून बघायचं. ‘तेज’ची तृतीया ‘तेजेन’ होईल, ‘रामेण’ होते तशी. आपल्यापुढे ‘तेजसा’ आहे, म्हणजे ‘तेज’ बाद. मग या रूपातून तृतीयेचा ‘आ’ काढून टाक. उरतं ‘तेजस्’. तेजस् + आ = तेजसा, रूप जुळलं. कोशात ‘तेजस्’पाशी नपुंसकलिंगाची खूण दिसेल आणि धार, ज्वाला, प्रकाश असे अर्थ मिळतील.

मराठीने अशा कितीतरी शब्दांचं शेवटचं व्यंजन टाकून दिलंय किंवा त्यांचं प्रथमेचं रूपच उचललंय. मन, यश, तप, वय हे कोशात मनस्, यशस्, तपस्, वयस् असे असतात. कर्म आणि जन्म हे कर्मन् आणि जन्मन्. योगी हा योगिन्, पिता हा पितृ, भगवान हा भगवत्, विद्वान हा विद्वस्. आणि आपल्या वाक्यातला राजा हा राजन्. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव आणि नवा शब्द भेटला की तिच्यात भर घाल. पाठ करायला बसू नकोस. वाचन होत गेलं की ती आपोआप मुरते.

याच्याच जोडीने येणारी चूक म्हणजे शेवटचं अक्षर पाहून घाईने निष्कर्ष काढणं. शेवटी ‘आ’ दिसला की मुलं ‘लता’सारखं स्त्रीलिंग समजतात. याच वाक्यात बघ: ‘तेजसा’तला आ तृतीयेचा, ‘राजा’तला आ न्-कारान्त शब्दाच्या प्रथमेचा, आणि ‘दृष्ट्वा’तला आ तर विभक्तीचाही नाही, तो ‘पाहून’ या अर्थाच्या त्वा प्रत्ययाचा. एकाच वाक्यात तीन ‘आ’, तिन्ही वेगळे. म्हणून शेवट पाहिल्यावर ‘हा कशाकशाचा असू शकतो’ असं विचारायचं आणि प्रत्येक शक्यतेचं रूप परत तयार करून बघायचं.

आता क्रियापदं. इथे जास्त थांबते, कारण तुझे दोन शब्द इथलेच आहेत.

‘अब्रवीत्’ तू ‘अ’मध्ये शोधलंस. तिथला ‘अ’ धातूचा नाही. भूतकाळाच्या रूपांत (लङ् आणि लुङ्) आणि संकेतार्थाच्या लृङ् मध्ये धातूच्या आधी हा ‘अ’ लागतो. तो काढला की ‘ब्रवीत्’ उरतं, आणि शेवटचा ‘त्’ हा ‘तो’ या कर्त्याचा प्रत्यय. त्याआधीचा ‘ई’ही धातूचा नाही, तो सोडला की ‘ब्रव्’ उरतं. पण ‘ब्रव्’ असा धातू कोशात मिळणार नाही. धातूच्या स्वराचा गुण होतो हे इथे आठवायचं: ऊ चा ओ झाला आणि पुढे स्वर आल्यामुळे त्या ओ चा अव् झाला. उलट चालत गेलं की ब्रव्, ब्रो, ब्रू. ‘ब्रू’च्या नोंदीत गणाचा आकडा 2 दिसेल आणि शेजारी ‘ब्रवीति, ब्रूते’ ही वर्तमानाची रूपं. ती रूपं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. धातू बरोबर सापडला की नाही हे तिथेच कळतं: ‘ब्रवीति’तला ‘ब्रवी’ आणि तुझ्या ‘अब्रवीत्’मधला ‘ब्रवी’ एकच.

सुरुवातीचा प्रत्येक ‘अ’ मात्र भूतकाळाचा नसतो. ‘अदृष्ट’मधला अ नकाराचा आहे. शब्दाचा शेवट क्रियापदाचा असेल तरच तो भूतकाळाचा समजायचा. आणि उपसर्ग असला तर हा ‘अ’ शब्दाच्या तोंडाशी नसतोच, उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये दडतो. ‘उदतिष्ठत्’ म्हणजे उद् + अ + तिष्ठत्.

‘तिष्ठ’ हा धातू नाही, ‘स्था’ आहे. वर्तमानात काही धातूंचा चेहरा इतका बदलतो की नियम लावून मागे जाताना दमछाक होते. तेवढे सरळ लक्षात ठेव: पश्य म्हणजे दृश्, गच्छ म्हणजे गम्, तिष्ठ म्हणजे स्था, पिब म्हणजे पा, जिघ्र म्हणजे घ्रा, सीद म्हणजे सद्. ‘उवाच’ दिसलं तर ‘वच्’ बघ.

‘उत्थाय’मध्ये तोच ‘स्था’ आहे, पण ‘स्’ गायब झालाय, म्हणून तुला सापडला नाही. शेवटचा ‘य’ दिसला आणि अर्थ ‘करून’सारखा वाटला, तर सुरुवातीला उपसर्ग असणार हे धर, कारण उपसर्ग असला की ‘त्वा’च्या जागी ‘य’ येतो. इथे उपसर्ग उद्. त्याच्यापुढे ‘स्था’तला स् जातो आणि ‘उत्था’ होतं. आता तो कोशात कुठे मिळेल? कोशाकोशांत इथे फरक आहे. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात उपसर्गासह धातू त्याच्या वर्णक्रमाने, म्हणजे ‘उ’मध्ये मिळतो. काही कोश मूळ धातूच्या नोंदीखाली एकेक उपसर्ग घेऊन अर्थ देतात, तिथे ‘स्था’च उघडावा लागतो. एका जागी नाही म्हणून सोडून देऊ नकोस, दुसरी जागाही बघ.

‘दृष्ट्वा’ बहुधा स्वतंत्र मिळणार नाही. पण ‘दृष्ट’ मिळतं, आणि ते तुला ‘दृश्’कडे पोचवतं. ‘दीप्यमानं’मधलं ‘मान’ काढलं की ‘दीप्य’ आणि त्यातून ‘दीप्’. हा चौथ्या गणाचा धातू, दीप्यते, म्हणून तो ‘य’. ‘मुनिं’चा अनुस्वार हा द्वितीयेचा म्, मूळ शब्द मुनि.

मूळ रूप बरोबर काढूनही शब्द मिळत नाही, असंही होतं. तेव्हा वर्णक्रम तपास. शाळेच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी असतात, संस्कृत कोशात क्ष हा ‘क’मध्ये (क् + ष) आणि ज्ञ हा ‘ज’मध्ये (ज् + ञ) असतो. ‘क्षमा’ शोधायला ‘ह’च्या पुढे गेलीस तर कोश संपून जाईल. अनुस्वाराचंही तसंच: ‘अंश’ हा ‘अक’च्या आधी येतो. स्पर्श व्यंजनाआधीचा अनुस्वार मात्र पुष्कळदा परसवर्ण समजून ठेवलेला असतो, तेव्हा ‘अंक’ नसेल तर ‘अङ्क’ बघ. संगणकावर शोधतानाही एका लेखनाने नाही मिळालं तर दुसऱ्याने टाइप करून बघ. आपट्यांच्या कोशात ‘गजः’, ‘वनम्’ अशी नामं प्रथमेत दिसतात, मोनिअर-विल्यम्समध्ये ‘गज’, ‘वन’. शब्द वेगळे नाहीत, छापायची पद्धत वेगळी.

रूप परत तयार करून बघण्याची एक मर्यादाही सांगायला हवी. कधी दोन मूळ रूपं त्या कसोटीला उतरतात. ‘भवति’ हे ‘भू’चं वर्तमानाचं रूप आहे आणि ‘भवत्’ या शब्दाची सप्तमीही आहे. कोश यात निवाडा करत नाही. वाक्यात दुसरं क्रियापद आहे का, जवळ सप्तमीतला दुसरा शब्द आहे का, यावरून तो तुलाच करायचा.

सरावाला हे घे: भगवत्युपविष्टे शिष्याः प्रणेमुः। पहिल्या शब्दात ‘त्यु’ कशातून झाला ते आधी सोडव. ‘भगवति’ निघाल्यावर मूळ शब्द ‘भगवत्’ की ‘भगवती’, हे ‘उपविष्टे’च्या आधाराने ठरव. आणि ‘प्रणेमुः’चा धातू ‘ण’मध्ये शोधू नकोस, तो ण मूळचा नाही, ‘प्र’तल्या र् मुळे झालाय. काय काय शक्यता लिहिल्यास आणि कुठली का खोडलीस, ते सगळं मला कळव.

तुझी,
सुमनमावशी