चिठ्ठीवरचं नको, सोन्यावरचं वाचा: दागिना घेताना या चुका टाळा

भाचीचं लग्न वैशाखात होतं. ताईला तिच्यासाठी दहा ग्रॅमची चेन घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघी कणकवलीला गेलो. चेन आवडली, वजन झालं आणि ताईने दागिन्याला बांधलेली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "ह्या बघ गो, 916 लिवलेला आसा. आजून काय होया?"

चिठ्ठीवर 22K916 होतं, खाली सहा अक्षरी नंबरही छापलेला होता. मी शेठना भिंग मागितलं. हॉलमार्कचे दागिने विकणाऱ्या नोंदणीकृत दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ग्राहकासाठी ठेवावंच लागतं, त्यामुळे ते मागायला संकोच करू नका. चेनच्या कडीजवळच्या चपट्या पट्टीवर खूण होती. तिथे 18K750 कोरलेलं होतं, आणि सहा अक्षरांचा नंबरही चिठ्ठीवरच्या नंबराहून वेगळा होता.

शेठ स्वतःच गडबडले. एकाच नमुन्याच्या दोन चेनच्या चिठ्ठ्या ट्रेमध्ये अदलाबदल झाल्या होत्या. मला त्यात लबाडी दिसली नाही. पण भिंग लावलं नसतं, तर ती चूक आम्ही पैसे मोजून घरी आणली असती. दोन्ही चेन पिवळ्याधमक होत्या. रंगावरून 18 आणि 22 कॅरेट ओळखता येतं, असं मानू नका.

किती रुपयांची चूक? 916 म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोनं, 750 म्हणजे 750 भाग. दहा ग्रॅमच्या चेनमध्ये एकीकडे 9.16 ग्रॅम शुद्ध सोनं, दुसरीकडे 7.50. फरक 1.66 ग्रॅमचा. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तरी हे 16,600 रुपये होतात. ते कळले असते थेट मोडीच्या वेळी, कदाचित वीस वर्षांनी, आणि तेव्हा कोणाला विचारणार?

खुणेत नेमकं काय असतं

आजच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा नंबर. हा नंबर प्रत्येक डागाचा वेगळा असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यांवर तो असल्याशिवाय विक्री करता येत नाही. नुसतं 916 ठोकलेलं असेल, तर तो हॉलमार्क नव्हे. तो आकडा कोणीही ठोकू शकतो. 'केडीएम' हा शब्द अजूनही आपल्याकडे ऐकू येतो. त्याचा संबंध कॅडमियमने डाक देण्याच्या जुन्या पद्धतीशी होता. तीही शुद्धतेची सरकारी खूण नाही.

घरातल्या जुन्या दागिन्यांवर चार खुणा असतील आणि सहा अक्षरी नंबर नसेल, तर घाबरू नका. ते आधीच्या पद्धतीचे हॉलमार्क आहेत. बिनहॉलमार्कचं जुनं सोनंही सोनाराला विकता येतं.

ॲपवर नंबर टाकताना

मोबाईलवर `BIS Care` ॲप उघडून `Verify HUID` मध्ये नंबर टाकायचा. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली म्हणजे नंबर चिठ्ठीवरून किंवा बिलावरून टाकणे. ॲप त्या नंबरची खरी माहिती दाखवतं, तुमच्या हातातल्या डागाची नव्हे. आमच्या चिठ्ठीवरचा नंबर टाकला असता, तर 22 कॅरेटच आलं असतं, आणि तेही खरंच असतं, फक्त दुसऱ्या चेनचं. म्हणून नंबर धातूवरूनच वाचायचा.

दुसरी चूक उलटी आहे. माहिती सापडली नाही की लगेच 'खोटा हॉलमार्क' म्हणून भांडायला उठणे. लेझरने कोरलेली अक्षरं इतकी बारीक असतात की 8 आणि B, 5 आणि S यांत डोळा फसतो. डाग उजेडात तिरका धरा, भिंगातून फोटो काढा, फोटो मोठा करून पुन्हा वाचा. तरीही काहीच येत नसेल, तर तो डाग घेऊ नका. आपल्याकडे कित्येक पेढ्यांत आत रेंजच नसते. मग फोटो घेऊन बाहेर रस्त्यावर जा, तिथे तपासा आणि पैसे नंतर द्या. चांगला शेठ यावर रागावत नाही.

माहिती आली की तीन गोष्टी जुळवा. शुद्धता तीच आहे का? दागिन्याचा प्रकार तोच आहे का? हातात चेन आणि ॲपवर अंगठी असेल, तर तिथेच थांबा. तिसरं म्हणजे नोंदणी कोणाची? तिथे तुमच्या दुकानाचं नाव नसेल, तर ती फसवणूकच असते असं नाही. घाऊक व्यापारी किंवा घडवणारा कारखानदार आपल्या नावावर हॉलमार्क करून घेतो आणि गावचा दुकानदार त्याच्याकडून माल आणतो. फक्त विचारा, "हे नाव कोणाचं?" सरळ उत्तर मिळायला हवं.

खूणच नसेल तर

2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे हलकी नथ किंवा बाळाची बाळी बिनखुणेची मिळू शकते. वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत असलेल्या सोनारालाही सूट आहे. आपल्या वाडीतले पिढीजात सोनार बऱ्याचदा यातच येतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवायला मी सांगत नाही. पण तिथे बिल हाच पुरावा आहे, म्हणून कच्च्या कागदावर समाधान मानू नका. शंका असेल तर आपला डाग थेट हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेता येतो. चार डागांपर्यंत 200 रुपये आणि वर कर.

बिलात काय पाहायचं

दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, आणि हॉलमार्कचा आकार वेगळा लिहिलेला हवा. हा आकार डागामागे 45 रुपये आणि त्यावर कर एवढाच असतो. 'हॉलमार्कमुळे घडणावळ वाढली' हे कारण मान्य करू नका.

निव्वळ वजनाकडे मंगळसूत्राच्या वेळी विशेष लक्ष द्या. काळ्या मण्यांसकट 14 ग्रॅम भरलं आणि मणी 3 ग्रॅमचे असले, तर सोन्याचे पैसे 11 ग्रॅमचेच द्यायचे. वरच्याच दराने 22 कॅरेटचे ते 3 ग्रॅम 27,480 रुपयांचे होतात. काचेच्या मण्यांना सोन्याचा भाव कोण देईल?

हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर नियमाप्रमाणे त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. तक्रार त्याच ॲपवरून करता येते. पण त्यासाठी बिल हवं. कॅरेट न लिहिलेल्या चिठोऱ्यावर तुम्ही काय सिद्ध करणार?

त्या दिवशी शेठनी दुसरी चेन काढली, आम्ही तिच्यावरची खूण भिंगातून वाचली, रस्त्यावर येऊन ॲपवर जुळवली आणि मग पैसे दिले. बिलावर सहा अक्षरी नंबर हाताने लिहून घेतला. खुणेचा फोटो ताईने मुलीच्या मोबाईलवर पाठवला आणि बिल तिच्या लग्नाच्या फाइलीत लावलं.