तारपा वाजण्याआधीची दीड मिनिटं

महोत्सवात, कॉलेजच्या संमेलनात किंवा सरकारी कार्यक्रमात निवेदन करायला लागलात, की कधी ना कधी तुमच्या हातात एक चिठ्ठी येते: 'यानंतर आदिवासी नृत्य. दोन मिनिटं काहीतरी बोला.' मला असं निवेदन करायला मिळालं ते बहुतेक पालघर जिल्ह्यातल्या तारपा नाचाच्या, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर होणाऱ्या नाचाच्या पथकांसाठी. म्हणून तारप्याचंच उदाहरण घेऊन सांगतो.

चिठ्ठीवर 'आदिवासी नृत्य' एवढंच असेल तर आधी नेमकं काय सादर होणार आहे ते विचारा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या पट्ट्यात तारपा नाच आहे, तसाच ढोल नाच आहे, गौरी नाच आहे आणि मुखवट्यांचा बोहाडाही आहे. यातलं एकाचं वर्णन दुसऱ्याला लावलं, तर सभागृहात कुणाच्या लक्षात येणार नाही, पण पथकातल्या प्रत्येकाच्या लक्षात येईल. समाजाचंही तसंच. तारपा वाजवणारे म्हणजे वारलीच, असं धरून चालू नका. कोकणा आणि मल्हार कोळी समाजातही तारपा वाजतो. माईकवर चुकीच्या समाजाचं नाव घेतलं गेलं, तर पुढे कितीही छान बोललात तरी ते भरून निघत नाही.

माहिती घ्यायची ती आयोजकांच्या फाईलमधून नाही, पथकाकडून. फाईलमधला परिचय बहुधा आधीच्या कुठल्या तरी कार्यक्रमातून उचललेला असतो. पथक साधारण तासभर आधी येतं, चहा होतो, कपडे बदलून होतात. त्या वेळात तारपकऱ्याजवळ, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याजवळ, जाऊन बसा. तो बहुतेक वेळा वयाने मोठा असतो, 'बाबा' किंवा 'काका' म्हणून बोललात की संवाद सहज सुरू होतो. वही लगेच काढू नका. तो वाद्य तयार करत असतो, ते आधी बघा.

एका संध्याकाळी रंगपटात मी असाच बसलो होतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांना पुढे गुंडाळलेल्या ताडपानांचा लांब कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवलेले. बाबांनी कमरेच्या पिशवीतून मधमाश्यांच्या मेणाचा गोळा काढला, अंगठ्याने दाबून मऊ केला आणि भोपळा व नळी यांच्या फटीत भरला. मग नळीतली बांबूची पातळ जीभ ओलसर करून फुंकून पाहिली. सूर फाटत होता. पुन्हा मेण, पुन्हा फुंकर.

"बाबा, किती वेळ लागतो याला?"

"जीभ सुकली का ती बोलत नाही. एसीत लगेच सुकते. तू बोलत राहा, मी हात केला का थांब."

तो हात हीच माझ्यासाठी त्या दिवसापासून वेळेची खूण झाली. आयोजक 'दोन मिनिटं' म्हणतात तो अंदाज असतो. खरी गरज तारप्याची असते: मंचावर आल्यावर वातानुकूलित हवेत सूर उतरतो, तो पुन्हा जुळवायला तारपकऱ्याला मिनिट-दीड मिनिट लागतं. तुमचं बोलणं तेवढ्यात बसलं पाहिजे आणि त्याने खूण केली की अर्ध्या वाक्यावर असलात तरी ते वाक्य पूर्ण करून संपवता आलं पाहिजे. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि सोडून देता येईल असं शेवटी, अशी मांडणी करा. पथकाचं नाव मात्र सुरुवातीला आणि तारपकऱ्याचं नाव अगदी शेवटी. ते कधीही गाळायचं नाही.

आता परंपरेबद्दल काय सांगायचं? प्रेक्षकांना पुढच्या दहा मिनिटांत डोळ्यांसमोर जे दिसणार आहे, तेच. ही माझी कसोटी आहे आणि ती मी कडक पाळतो. लोकसंख्या, जिल्ह्याचा इतिहास, 'प्राचीन काळापासून' वगैरे सगळं बाहेर. तारपा नाचात प्रेक्षक गोंधळतात अशा दोन-तीन जागा आहेत, त्या उलगडल्या की काम झालं.

पहिली जागा म्हणजे पाठ. तारपकरी मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरून त्याच्याभोवती फिरतात. तो वळेल तशी साखळी वळते. नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करायची नाही, अशी रीत आहे. त्यामुळे मंचाच्या पुढच्या बाजूला आलेल्या नाचणाऱ्यांची पाठ प्रेक्षकांकडे असते. शहरातल्या प्रेक्षकाला हे खटकतं, 'यांना मंचाची सवय नाही' असं वाटतं. काही आयोजक पथकाला सरळ रांगेत प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायला सांगतात आणि नाचाचा गाभाच काढून टाकतात. निवेदकाने एका वाक्यात ही रीत सांगितली, तर प्रेक्षक ती पाठ आदराने बघतात.

दुसरी जागा म्हणजे गाणं नसणं. प्रेक्षक शब्दांची वाट बघत राहतात. या नाचाला शब्द लागत नाहीत, तारप्याची चाल बदलली की पावलं बदलतात. तारपकरी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत वाजवतो, म्हणून सूर तुटत नाही. हे आधी कळलं की लोक पावलांकडे आणि गालांकडे बघायला लागतात. साखळीच्या टोकाला म्होरक्या असतो, त्याच्या हातातली घोळकाठी जमिनीवर आपटली की तिच्यातल्या कड्या वाजतात. ताल तिथून येतो. चालींना नावं असतात, पण ती गावागणिक बदलतात. पथकाला विचारून त्या दिवशी वाजणार असतील तेवढीच सांगा.

तिसरी गोष्ट म्हणजे हंगाम. भाताला कणसं धरू लागली की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या आसपास, पीक घरात येईपर्यंत रात्री नाच चालतात. कणसरी ही धान्याची देवी, तिच्याशी आणि पावसाचा देव नारणदेव याच्याशी हा नाच जोडलेला आहे. इथे 'करमणुकीसाठी' हा शब्द वापरू नका. काही पथकं मंचावरही आधी देवाचं नाव घेतात किंवा तारप्याला नमस्कार करतात. तसं असेल तर त्या वेळी तुम्ही बोलत असता कामा नये, म्हणून ते आधीच विचारून ठेवा.

वारली चित्रांतला नागमोडी फेर बहुतेकांनी पाहिलेला असतो, कपांवर आणि कुर्त्यांवरसुद्धा. मध्ये तारपकरी आणि भोवती साखळी असं ते चित्र प्रेक्षकांच्या ओळखीचं आहे, त्याचा आधार जरूर घ्या. जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, हे अनेकांना माहीत असतं. पण पथक वारली नसेल तर चित्राचा उल्लेख जपून करा, आणि असलं तरी एका वाक्यापुढे नको. एकदा चित्रकलेत शिरलात की नाच मागे पडतो.

आता एक मसुदा बघू. आयोजकांकडून येतो तो साधारण असा असतो: 'आपल्या समृद्ध संस्कृतीचा वारसा जपणारे, डोंगरदऱ्यांत राहणारे आपले आदिवासी बांधव आता आपल्यासमोर त्यांचे बहारदार पारंपरिक नृत्य सादर करीत आहेत. टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करूया.' यात गाव नाही, माणूस नाही, वाद्य नाही. हेच शब्द कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही पथकाला चालतील. शिवाय 'डोंगरदऱ्यांत राहणारे' म्हणताना समोरच्या तरुण मुलांपैकी कुणी शिक्षक आहे, कुणी वसईला कारखान्यात जातो, याचा पत्ताच नसतो.

त्याऐवजी मी म्हणतो ते असं. गावाच्या आणि माणसांच्या नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत:

'जव्हार तालुक्यातल्या अमुक गावाहून अमुक तारपा पथक आलं आहे. भाताची कणसं भरू लागली की यांच्या गावात रात्री तारपा वाजतो, कणसरीसाठी, म्हणजे धान्याच्या देवीसाठी. तारपा दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा. त्याचा सूर मध्ये तुटणार नाही, कारण वाजवणारा वाजवतानाच श्वास घेतो. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत, म्हणून काही वेळ त्यांची पाठ आपल्याकडे असेल. या नाचाला शब्द नाहीत. चाल बदलली की पावलं कशी बदलतात ते बघा, आणि घोळकाठीचा आवाज ऐका. घोळकाठीवर आहेत अमुक. तारप्यावर, अमुक.'

सावकाश बोललात तर हे मिनिटभरात होतं. टाळ्यांचं आवाहन मी करत नाही, तारपकऱ्याचं नाव घेतलं की टाळ्या आपोआप येतात. त्या ओसरायच्या आत माईक बंद करून बाजूला व्हा. तारप्याचा पहिला सूर तुमच्या 'धन्यवाद'खाली दबता कामा नये. नावांचे उच्चार मात्र आधी त्या माणसासमोर मोठ्याने म्हणून बघा आणि वहीत ऐकलं तसंच लिहून ठेवा.

दोन गोष्टी बोलण्याच्या नाहीत, पण त्या बघणारं दुसरं कुणी नसतं. मंचावर जाड गालिचा असेल तर घोळकाठीचा आवाज मरतो आणि अनवाणी पावलंही अडकतात. गालिचा काढून घ्यायला सांगा. आणि तारपकऱ्यासमोर उभा माईक ठेवू देऊ नका. तो फिरत असतो, माईक एका जागी राहतो आणि आवाज येतो-जातो. माईक वर टांगता आला तर उत्तम, नाहीतर मंचाच्या कडेला दोन ठेवले तरी चालतात. छोट्या सभागृहात तारप्याला माईक लागतच नाही.

नाच रंगला की प्रेक्षकांतले काहीजण साखळीत शिरायला मंचाकडे येतात. त्यांना बोलवायचं की नाही हे पथक ठरवणार, ते आधीच विचारलेलं असू द्या. पथक हो म्हणालं तर एवढंच सांगा: चपला काढून या, मध्ये शिरू नका, साखळीच्या शेवटी लागा आणि घोळकाठीवाल्याच्या पावलाकडे बघा.