उपासाच्या मैत्रिणीला नवरात्राची शुभेच्छा कशी लिहावी

घट बसले की सकाळी सातच्या आत मोबाईलवर देवीचे पंचवीस फोटो येऊन पडतात. माझी बेळगावातल्या टिळकवाडीतली मैत्रीण नऊ दिवस उपास करते, चप्पल घालत नाही आणि रोज रात्री दांडियाला जाते. तिला मी गेल्या वर्षापासून फोटो पाठवणं सोडलं आणि चार ओळी लिहायला लागले.

आधी उपास कसला ते माहीत करून घ्या. कुणी उठता-बसता करतं, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. कुणी नऊही दिवस वरी, साबुदाणा, रताळ्यावर काढतं. उठता-बसतावालीला ‘नऊ दिवस उपाशी’ लिहिलंत की तुम्हाला काही माहीत नाही, हे तिला लगेच कळतं.

मग कालच्या रात्रीतली एकच गोष्ट उचला. ‘छान नाचतेस’ हे कुणालाही लिहिता येतं. माझी मैत्रीण तिसऱ्या टाळीनंतर हमखास उलटी वळते आणि शेजारणीच्या टिपरीवर आदळते. ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तेच घेतलं:

‘काय गं बाई, आज पाचवी माळ. पायात चप्पल नाही, पोटात वरीचा भात, तरी काल शेवटपर्यंत रिंगणातनं हलली नाहीस. फक्त तिसऱ्या टाळीला सगळ्या डावीकडं आणि तू एकटीच उजवीकडं! देवी पायात असंच बळ देऊ दे, डावं-उजवं तेवढं कळू दे. दसऱ्याला सोनं घेऊन येतो. पुरणपोळी वाढ. साबुदाणा दाखवलास तर दारातनंच परत जातो.’

(‘येतो’ला हसू नका. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात आणि शुभेच्छा आपल्या बोलीतच शोभते.)

माळ मोजताना मात्र कॅलेंडर बघा. तिथीची वृद्धी झाली की एक दिवस वाढतो, क्षय झाला की कमी होतो. 2025 मध्ये घट 22 सप्टेंबरला बसले आणि दसरा 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे मधे दहा दिवस. नुसतं बोटांवर मोजून ‘आज नववी माळ, उद्या दसरा’ लिहिलं असतं तर तिनं दिवसभर छळलं असतं.

थट्टा नाचाची करा, उपासाची नको. भज्यांचा फोटो किंवा ‘आता बारीक होशील’ असलं काही तर अजिबात नको. उपास तिनं देवीसाठी धरलाय. माझ्या पहिल्या खर्ड्यात मिसळ होती, ती मी खोडली.

पाठवायची वेळ संध्याकाळी सहा-साडेसहाची बरी. तेव्हा ती घागऱ्याची नाडी शोधत असते, आरशासमोर उभ्या-उभ्या वाचते. माझ्या मेसेजला रात्री साडेअकराला उत्तर आलं: ‘आज डावीकडंच वळले. बाकीच्या उजवीकडं गेल्या.’